गाडीत उलटी + दूध सांडलंय, वास जात नाही. मदत हवी आहे

रवा_लाडू
आम्ही घोडबंदर रोडला राहतो. दोन रविवारांपूर्वी माळशेजहून येताना चार वर्षांच्या लेकीला घाटात उलटी झाली. मागची सीट, डावी बाजू, कापडी कव्हर. तिला सावरण्याच्या गडबडीत अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी माझ्याच पायाखाली फुटली. टिश्यूने टिपलं, घरी येऊन मॅट साबणाने धुतली, सीटवर जंतुनाशकाचं पाणी फिरवलं.

सकाळी गाडीत काही जाणवत नाही. दुपारी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमधून काढली की असा आंबूस भपकारा येतो की काच खाली केल्याशिवाय बसवत नाही. परवा वॉशिंगवाल्याकडून सीट-गालिचा वाफेने साफ करून घेतला. दोन दिवस बरं होतं, आता पहिल्यापेक्षा वाईट. नवरा म्हणतो गाडीच विकू. काय करू?

मुकुंदकाका
एसीचा फिल्टर बदला. पावसाळ्यात सगळ्यांच्याच गाडीत कुबट वास येतो. माझाही गेला.

रवा_लाडू
काका, एसी बंद असतानाही येतो. कुबट नाही हो, दह्याचं भांडं आठवडाभर झाकून ठेवल्यासारखा.

कोळंबी_रस्सा
वाशीहून आणलेल्या कोळंबीचं पाणी माझ्या डिकीत सांडलं होतं. खायचा सोडा जाड थर देऊन रात्रभर ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूम. तीनदा केलं. वास गेला. म्हणजे बायकोला अजून येतो, मला येत नाही.

पाना_पकड
कोपरखैरण्याला गाड्या आतून साफ करायचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सोडा चुकीचा नाही, पण तो वरच्यावर काम करतो. तुमचा वास ऊन लागल्यावर येतो, म्हणजे माल खाली आहे. ताई, तुम्ही मॅट धुतली, पण मॅटखालच्या गालिचाचं काय? त्याच्या खाली जाड नमदा असतो, तो दूध पिऊन बसतो. खात्री करायची तर गालिच्यावर कोरडं सुती फडकं ठेवून पूर्ण वजनाने त्यावर एक मिनिट उभ्या राहा आणि मग फडक्याचा वास घ्या. सीटवरही असंच, गुडघा टेकवून.

वाफेने नुकसान झालं असणार. दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं की कसं घट्ट बसतं, तसंच काहीसं कापडात होतं. आता गरम काही नको.

पाळीव प्राण्यांच्या मुताच्या डागांसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आणा. आधी साध्या पाण्याने जंतुनाशक धुऊन काढा, नाहीतर एन्झाइम निकामी होतं. कोपऱ्यात रंग जातो का बघा. मग नुसता फवारा मारून चालत नाही, दूध जिथवर गेलं तिथवर औषध पोचलं पाहिजे. वरून प्लास्टिक अंथरून रात्रभर ओलं ठेवा, वाळलं की काम थांबतं. सकाळी साधं पाणी घालायचं आणि पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने खेचायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सोसायटीच्या हाऊसकीपिंगकडे असतो बऱ्याचदा, विचारा.

रवा_लाडू
फडकं ठेवलं. शी! ओलं नव्हतं, पण वास तोच. गालिचा कसा उचलायचा?

पाना_पकड
बहुतेक गाड्यांत दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर असते, हळू वर ओढा. कडेने वायरी जातात, त्या ताणू नका. पिवळं कनेक्टर दिसलं तर हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं. सीट सोडवायची वेळ आली तर मेकॅनिककडेच जा.

कोळंबी_रस्सा
मी डिकीतलं अस्तर कधी उचललंच नाही. आज बघतो.

रवा_लाडू
पाच दिवसांनी आले. पट्टी काढली, एक क्लिप तुटली. नमद्यावर ताटाएवढा पिवळट चट्टा, हाताला चिकट. दोन रात्री औषध ठेवलं. व्हॅक्यूममध्ये पहिलं पाणी चक्क ताकासारखं आलं. गालिचा दोन विटांवर उचलून टेबलफॅन लावला, या हवेत सुकायला तीन दिवस गेले. खालचा वास गेला, दुपारीही नाही.

सीटचा मात्र थोडा आहे. नाक लावलं की बेल्टचं बक्कल जिथे आत जातं, तिथून येतो.

पाना_पकड
बेल्टची पट्टी पूर्ण बाहेर ओढून क्लिपने अडकवा. कोमट साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, पूर्ण सुकल्याशिवाय आत सोडू नका. बक्कलच्या फटीत पाणी ओतू नका. सीटच्या स्पंजवर औषधाचा अजून एक हात द्या. वाफ बसलेला स्पंज कधी सुटतो, कधी नाही. नाहीच सुटला तर कव्हर काढून धुवावं लागेल, ते घरी होणार नाही.

मुकुंदकाका
फिल्टर तरी एकदा बघा.