प्रति: फुल अ‍ॅडरमधलं ऑर गेट

>> शेवटी दोन्ही कॅरी ऑर गेटने जोडतात, तिथे एक्सॉर लावलं तर उत्तर चुकेल ना?

नाही चुकणार. ऑर आणि एक्सॉर वेगळं उत्तर देतात ते फक्त दोन्ही इनपुट 1 असताना, आणि ती वेळ इथे येतच नाही. पहिल्या हाफ अ‍ॅडरचा कॅरी 1 यायला दोन्ही बिट 1 हवेत, पण मग त्याची बेरीज 0 होते. हाच 0 दुसऱ्या हाफ अ‍ॅडरच्या अँड गेटला जातो, म्हणजे तिथला कॅरी 0च. 1+1+1 करून बघा: पहिला कॅरी 1, बेरीज 0, पुढे 0+1 ची बेरीज 1, कॅरी 0. उत्तर 11, म्हणजे तीन.

ब्रेडबोर्डवर याचा फायदाही आहे. 7486 मध्ये चार एक्सॉर असतात, त्यातले दोनच लागतात. तिसरं कॅरीला वापरलं की एका ऑर गेटसाठी वेगळी 7432 नको. 7486 आणि 7408 मध्ये काम भागतं. दोन बिटांच्या अ‍ॅडरला मात्र सहा एक्सॉर लागतील, मग बचत संपली. आणि हो, कॅरी-इन वापरत नसाल तर ती पिन ग्राउंडला जोडा. 74LS मध्ये मोकळी पिन बहुधा 1 धरली जाते, आणि 0+0 ला बेरजेचा एलईडी पेटलेला दिसतो.