अनुभव धागा: हातच्याच्या वजाबाकीचं साहित्य आणि सरावपत्रिका, गावातल्याच वस्तूंतून

मुलुंडपूर्व

आम्ही मुलुंड-भांडुपकडची काही मंडळी मोखाडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी साहित्य करून देतो. दुसरी-तिसरी एकाच खोलीत बसते, दोन्ही मिळून पट 24. यंदा गुरुजींनी एकच गोष्ट मागितली आहे: हातच्याची वजाबाकी. मुलं वहीत वरचा आकडा खोडून बाजूला एक लिहितात, पण तो एक आला कुठून ते सांगता येत नाही.

साहित्य गावात मिळणाऱ्या वस्तूंचंच हवं, म्हणजे तुटलं-हरवलं तर मुंबईच्या फेरीची वाट बघायला नको. सोबत सरावपत्रिकाही हव्यात. शाळेत प्रिंटर नाही, झेरॉक्स तालुक्याला जाऊन काढावी लागते. ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमकं लिहा. काय वापरलं, किती लागलं आणि कुठे फसतं.

पाटीपेन्सिल (वसई)

ताई, काड्यांचे गठ्ठे करा, दुसरं काही शोधू नका. तुमच्या त्या भागात टोपल्या-सुपं विणणारे असतात, त्यांच्याकडून बांबू चिरून घ्या. काडी 12 सेंटिमीटर लांब आणि साधारण 5 मिलिमीटर जाड ठेवा. आखूड ठेवली तर गठ्ठ्यातून निसटते, लांब ठेवली तर दशक-एककाच्या रकान्यात मावत नाही. एका पेरातून साठेक काड्या निघतात. कडा पॉलिशपेपरने घासायलाच हव्यात, नाहीतर पहिल्याच तासाला कुणाच्या तरी बोटात कूस जाते. आणि काड्या सावलीत आठवडाभर वाळवल्याशिवाय बांधू नका. ओल्या बांधल्या तर पावसाळ्यात बुरशी धरते. डब्याच्या तळाशी पिठासारखा भुसा दिसला की भुंगा लागला समजा. त्या काड्या लगेच वेगळ्या काढा.

रबरबँड नकोत. उन्हाळ्यात ते चिकट होतात आणि जूनमध्ये कडाकड तुटतात. सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणा आणि कात्रीने 4 मिलिमीटर रुंदीचे कापे काढा. एक वेढा ढिला बसतो, म्हणून आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन दुहेरी घाला. हिराच्या काड्या असतील तर त्या बारीक असतात, तिथे तीन वेढे लागतील. सुतळीने बांधू नका. मुलाला गाठ सुटत नाही, मग ती गुरुजींनीच सोडायची असं होऊन बसतं.

संच जोडीला एक द्या, चौघांना एक नको. चौघं गोल बसली की समोरच्या दोघांना दशक उजवीकडे आणि एकक डावीकडे दिसतो आणि मग 53 चे 35 होतात. त्यात आपलं 'त्रेपन्न' आधी तीनच ऐकवतं, म्हणजे उलटं लिहायला एक निमित्त आधीच तयार असतं. 24 मुलांना 12 संच, प्रत्येकात 110 काड्या. शंभर कामाच्या, दहा हरवायच्या. एकूण 1320.

आता 53 वजा 27 घ्या. जोडीपुढे पाच गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या, बस्स. बाकीचा डबा झाकून गुरुजींच्या टेबलावर. हे महत्त्वाचं आहे. सात काड्या काढायच्या आहेत, पण आहेत तीनच. मुलाने स्वतः एका गठ्ठ्याचा कापा काढायचा आणि त्या दहा काड्या एककाच्या रकान्यात ओतायच्या. आता चार गठ्ठे आणि तेरा सुट्ट्या. इथे थांबून विचारा, "काड्या वाढल्या का?" बरीच मुलं हो म्हणतात. त्यांना मोजू द्या. मग तेरातून सात काढायच्या, चार गठ्ठ्यांतून दोन उचलायचे, उरतात 26. डबा उघडा राहिला तर मूल गठ्ठा न सोडता डब्यातल्याच दहा काड्या आणून टाकतं. त्याच्यापुढे 53 ऐवजी 63 होतात आणि उत्तर येतं 36.

क्राफ्टकट्टा

एवढी खटपट कशाला? क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर आइसक्रीमच्या काड्यांची पाकिटं होलसेलमध्ये मिळतात, गुळगुळीत आणि एकसारख्या. पुठ्ठ्याच्या पट्टीवर दहा-दहा फेविकॉलने चिकटवा, वर रंग मारा. कापे नाहीत, हरवणं नाही. आमच्या कार्यशाळेत दोन तासांत पन्नास पट्ट्या होतात आणि दिसतातही छान.

पाटीपेन्सिल (वसई)

काड्यांना हरकत नाही, फेविकॉलला आहे. चिकटवलेला दशक सुटत नाही आणि हातच्याची वजाबाकी म्हणजे तो सोडणंच. पट्टी देऊन दहा सुट्ट्या घ्यायच्या म्हटलं तर ती झाली अदलाबदल. सुट्टे पैसे घेण्याची सवय असलेल्या मुलाला ते कळतं, नसलेल्याला गुरुजी हातचलाखी करतायत असं वाटतं.

क्राफ्टकट्टा

पण मग तिसरीच्या मुलांनी प्रत्येक गणिताला गठ्ठे सोडायचे आणि परत बांधायचे? एका तासात तीन गणितं तरी होतील का? माझ्या मते आधी गठ्ठे, मग पट्ट्या. एकदा कळलं की अदलाबदल चालायला हवी.

पाटीपेन्सिल (वसई)

तीनच होतात, हे खरं. अदलाबदलीवर कधी जायचं हे मी ठाम सांगणार नाही, वर्गागणिक वेगळं दिसतं.

विक्रोळीची आई

छान धागा! माझ्या मुलाला शुक्रवारपर्यंत 'टाकाऊतून टिकाऊ' प्रोजेक्ट द्यायचा आहे, इयत्ता चौथी. बाटलीचा पेनस्टँड सगळ्यांचाच असतो. वेगळं काही सुचवाल का? फिरणारं काही असेल तर उत्तम.

मुलुंडपूर्व

ताई, हा धागा वर्गातल्या साहित्याचा आहे. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

रानवाट

काड्यांच्या आधी चिंचोके. दहाच्या जोड्या तोंडावर नसतील तर 'तेरातून सात' प्रत्येक वेळी बोटांवर होतं. दहा चिंचोके घ्या. खडबडीत फरशीवर पाण्याचे थेंब टाकून प्रत्येकाची एकच बाजू पांढरी होईपर्यंत घासा, दुसरी तपकिरी राहू द्या. दहाही मुठीत हलवून टाकायचे: चार पांढरे, तर तपकिरी किती? न मोजता सांगायचं. चपटे चिंचोके निवडा. गोलसर असले की एकाच बाजूवर पडतात आणि खेळात मजा राहत नाही. दोन दिवस कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर कीड भोक पाडते.

गावात मुलं हौसेने गुंजा आणि एरंडाच्या बियाही आणून देतात. दिसायला सुरेख आणि फुकट, पण दोन्ही विषारी आहेत, वर्गात आणूच नका. लहान मुलं बी चावतात, नाकात घालतात. चिंचोकेसुद्धा मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत.

लाल शाई

सरावपत्रिकेबद्दल लिहितो, कारण बहुतेक पत्रिकांत गणितं डोळे मिटून निवडलेली असतात.

समजा तुम्ही 52 वजा 27 दिलं. बरोबर उत्तर 25. एक मूल मोठ्या अंकातून लहान अंक काढतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, उत्तर 35. दुसरं मूल दशक सोडतं, बारातून सात काढून पाच लिहितं, पण वरचे पाच दशक पाचच ठेवतं. त्याचंही 35. दोन अगदी वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. वही तपासून काहीच कळत नाही. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की हे होणारच.

पाटीपेन्सिल सरांचं 53 वजा 27 बघा. पहिल्या चुकीचं उत्तर 34, दुसरीचं 36. उत्तर बघूनच समजतं कुणाला पुन्हा गठ्ठे द्यायचे आणि कुणाला फक्त 'दशक एक कमी झाला' हे लिहायची सवय लावायची. 62 वजा 38 मध्येही तसंच, बरोबर 24, चुकीची 36 आणि 34. एका पत्रिकेत सहा गणितं पुरेत. त्यात दोन हातच्याशिवायची मिसळा, नाहीतर मूल न बघता प्रत्येक ठिकाणी दशक सोडत जातं. आणि एक शून्याचं हवंच, 50 वजा 27. तिथे 37 आलं तर मुलाने 'शून्यातून सात गेले सात' असं केलंय.

गणिताच्या डाव्या बाजूला गठ्ठे आणि काड्या काढायला रिकामी चौकट ठेवा, छापील चित्र नको. मुलाने उभी जाड रेघ म्हणजे गठ्ठा, बारीक रेघ म्हणजे काडी असं स्वतः काढायचं, आणि सोडलेल्या गठ्ठ्यावर काट मारून बाजूला दहा बारीक रेघा. ही चौकट कोरी राहिली आणि उत्तर बरोबर असेल, तर शेजाऱ्याची वही बघून घ्या.

गिरगाव खिळे

छपाईचं काम करतो, तेवढंच सांगतो. मूळ प्रत पेन्सिलने करू नका, झेरॉक्समध्ये फिकी येते. काळ्या जेल पेनने काढा. चित्र रेघांचंच ठेवा, छटा दिल्या की त्या जागी काळा डाग येतो. चारही बाजूंना दीड सेंटिमीटर मोकळं सोडा, मशीन कडेचं खातं. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढू नका, मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.

खर्च वाचवायचा तर 24 प्रती काढायच्याच नाहीत. सहा गणितांच्या बारा प्रती जाड कागदावर काढा, जोडीला एक, आणि उत्तरं वहीत किंवा पाटीवर. लॅमिनेशन करून मार्करने लिहायची कल्पना सगळ्यांना सुचते. पण ते दोन-तीन दिवस तसंच राहिलं की पुसत नाही आणि मार्कर वाळले की आणायला तालुक्याला जावं लागतं.

मुलुंडपूर्व

लाल शाई, आमच्या जुन्या पत्रिकेतली आठपैकी तीन गणितं नेमकी पाचाच्या फरकाची निघाली! बदलते.

काड्या बांबूच्याच करू. एकच शंका आहे. तिसरीसाठी 204 वजा 38 आहे. सोडायला सुटा दशकच नाही, तेव्हा काय?

पाटीपेन्सिल (वसई)

दोन जोड्यांचे संच एकत्र करा, 220 काड्या होतात. दहा गठ्ठ्यांना मिळून रुंद कापा लावून शंभराचा मोठा गठ्ठा करा, असे दोन, आणि चार सुट्ट्या. आधी मोठा गठ्ठा सोडला की दहा छोटे मिळतात, त्यातला एक सोडला की चौदा सुट्ट्या. आता पुढे आहेत एक मोठा, नऊ छोटे, चौदा काड्या. त्यातून आठ काड्या आणि तीन गठ्ठे गेले, उरले 166. ते मधले नऊ कुठून आले हे मुलांना इथेच दिसतं. मोठ्या गठ्ठ्याला सायकलची ट्यूब पुरत नाही, स्कूटरची आणा.

क्राफ्टकट्टा

आणि दोन-दोन जोड्यांनी शंभराचे दोन-दोन गठ्ठे परत बांधायचे, त्याच तासात?