एमा की एम्मा?

> Emma या इंग्रजी नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन एम आहेत, मग देवनागरीत 'एम्मा' का नको?

कारण इंग्रजीत ते दोन एम जोडून उच्चारले जातच नाहीत. जोडी बहुधा आधीचा स्वर आखूड असल्याचं सांगते. मिलरमध्ये दोन एल आहेत. एकच असता तर वाचणारा 'मायलर' म्हणाला असता. देवनागरीत हे काम 'मि' करतो, म्हणून 'मिल्लर' नको. मराठीत द्वित्त खरंच ऐकू येतं, कला-कल्ला म्हणून पाहा. इटालियनमध्येही येतं, त्यामुळे तिथला 'जोव्हान्नी' बरोबर.

एमाच्या शेवटचा पुसट स्वर मात्र 'अ' समजून सोडू नका. मराठीत शब्दाअखेरचा अ बहुधा गळतो, 'एम' लिहिलंत तर नुसतं इंग्रजी अक्षराचं नाव उरेल. तिथे काना हवाच: एमा, हॅना. उलट मिलरच्या 'लर'मधला पुसट स्वर साध्या अनेच भागतो.