मदत हवी आहे: जुने आउटबोर्ड इंजिन आणि 'परताव्याचा' क्यूआर कोड

हर्णैकर: नमस्कार. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठण्यापूर्वी आमच्या लहान होडीला ९.९ अश्वशक्तीचे जुने इंजिन हवे आहे. एका जाहिरातीत ते ३८,००० रुपयांना, म्हणजे इकडच्या भावापेक्षा बरेच स्वस्त दिसले. विक्रेता आपण लष्करात असून बदली झाल्याचे सांगतो आणि त्याने ओळखपत्राचा फोटोही पाठवला आहे. वाहतुकीसाठी तो ५,००० रुपये आगाऊ मागतो. माल पोचताच ते परत मिळावेत म्हणून आताच क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकून ठेवा, असे त्याचे म्हणणे आहे. मी अद्याप काहीही दिलेले नाही. हा व्यवहार खरा आहे का, हे कसे ओळखावे?

दर्यावर्दी: स्कॅन केल्यावर खातेदाराचे नाव दिसते. ते ओळखपत्राशी जुळले तर निर्धास्तपणे पैसे द्यावेत.

बंदरकाठ: दर्यावर्दी, नाव पाहणे योग्यच आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण असे लोक दुसऱ्याचे खाते भाड्याने घेतात आणि त्याच नावाचे ओळखपत्र तयार करतात. हर्णैकर दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या पिनमध्येच आहे. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे येताना तो कधीच लागत नाही. त्यामुळे 'परताव्याचा' कोड स्कॅन करून पिन टाकलात, तर वाहतुकीच्या पैशांखेरीज आणखी एक रक्कम तुमच्याच खात्यातून जाईल. इंजिन खरोखर त्याच्याकडे आहे का, हे पाहायचे असेल, तर व्हिडिओ कॉलवर होडीला अडकवायच्या कंसावरील क्रमांकाची पट्टी दाखवायला सांगा आणि दोरी ओढून इंजिन चालू करायला लावा.

आंबेवाली: मला तर 'पत्ता अपुरा आहे, २५ रुपये भरा' अशी पार्सलची लिंक आली होती. तिच्यात टपाल खात्याचे नाव होते, म्हणून ती खरीच असेल ना?

बंदरकाठ: ताई, तो वेगळा प्रकार आहे. पत्त्यातील https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहा; तेथे indiapost.gov.in नसून पुढे टिंब देऊन दुसरेच नाव जोडलेले असेल, तर ती लिंक टपाल खात्याची नव्हे. तेथे कार्डाची माहिती भरली असेल, तर बँकेला सांगून कार्ड आधी बंद करा.

हर्णैकर: व्हिडिओ कॉल मागितला, तर छावणीत मोबाइल चालत नाही, असे उत्तर त्याने मोबाइलवरूनच दिले. कोडवरचे नावही वेगळे निघाले. ते युनिटच्या हिशेबनिसाचे आहे म्हणे. पैसे गेलेले नसताना १९३० वर तक्रार करता येते का?

बंदरकाठ: १९३० हा क्रमांक मुख्यतः पैसे गेल्यावर, तेही शक्य तितक्या लवकर, लावायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यातील रक्कम गोठवण्याची संधी राहते. केवळ संशयास्पद फोन किंवा संदेश असेल, तर संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' येथे नोंद करा.

दर्यावर्दी: मान्य. पण लांबचा खरा विक्रेताही विसार मागतोच, मग त्याला तो कसा द्यावा?

बंदरकाठ: मी तरी माल पाहिल्याशिवाय देत नाही. कोणाकडे याहून बरा मार्ग असल्यास लिहावा.