मास्टर बिल चुकलं, कंपनीने पैसे थांबवले: आधी सूट की आधी ताळा?

क्रेडिट_डेस्क:
एका कंपनीचं १२ रात्रींचं प्रशिक्षण शिबिर आमच्या हॉटेलात झालं. खोल्या आणि हॉलमधली जेवणं मास्टर बिलावर, बाकी किरकोळ खर्च ज्याचा त्याने भरायचा, असं ठरलं होतं. आता त्यांचा मेल आलाय: "आमच्या यादीप्रमाणे ४७४ रूम नाईट्स होतात, तुम्ही ५०९ लावल्या आहेत. बिल दुरुस्त होईपर्यंत पेमेंट होणार नाही." आमची सेल्सची मंडळी म्हणतात, माफी मागा आणि ३५ रात्री सरळ वजा करा. मला हे पटत नाहीये. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

सेल्समधला:
मी तुमच्या सेल्सच्या बाजूने. एवढा मोठा ग्रुप देणाऱ्या कंपनीशी ३५ रात्रींवरून घासाघीस करायची नसते. तिथल्या ज्या बाईंनी किंवा साहेबांनी तुमचं हॉटेल निवडलं, त्यांना आता त्यांच्याच अकाउंट्सकडून बोलणी बसत असणार. तुम्ही चार दिवस गप्प राहिलात तर पुढचं शिबिर दुसरीकडे गेलंच म्हणून समजा. आजच्या आज क्रेडिट नोट काढा, कारणं मागाहून शोधत बसा.

रात्रपाळी:
आजच्या आज उत्तर जायला हवं, इथपर्यंत सेल्सभाऊंचं बरोबर आहे. पण त्या उत्तरात आकडा नको. तक्रार मिळाली, खोलीवार तक्ता अमुक तारखेपर्यंत पाठवतो, आणि तोवर या खात्यावर तगादा लावणार नाही, एवढं पुरे. तारीख अशी द्या की जी नक्की पाळता येईल.

३५ चा फरक सहसा एकाच कारणाने पडत नाही, म्हणून सरसकट वजाबाकी मला धोक्याची वाटते. सिस्टिममधून रोजचं खोलीभाड्याचं पोस्टिंग काढा, शेजारी कंपनीची रूमिंग लिस्ट ठेवा आणि एकेक रात्र जुळवा. आधी बघा, एकाच खोली नंबरवर एकाच रात्री दोनदा भाडं पडलंय का. एका खोलीत दोघे राहतात तेव्हा सिस्टिममध्ये दोन बुकिंग असतात. भाडं एकावर असायला हवं, दुसऱ्यावर शून्य. चेक-इनच्या गर्दीत ते शून्य करायचं राहिलं की नाईट ऑडिट रोज दोघांवर भाडं चढवतं. भरलेल्या खोल्यांचा आकडा बरोबर दिसतो, सरासरी दर उलट चांगला दिसतो, त्यामुळे सकाळी रिपोर्ट बघणाऱ्याला शंका येत नाही. त्या दिवशी भरलेल्या खोल्या किती आणि भाड्याची पोस्टिंग किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले तरच पकडता येतं.

मग खोली बदललेले पाहुणे बघा. एसी बिघडला म्हणून घाईत नव्या खोलीत नवं चेक-इन केलं आणि जुनी बंदच केली नाही, असं होतं. हाउसकीपिंगच्या कागदावर ती रिकामी असते, फ्रंट ऑफिसकडे भरलेली.

शेवटी लवकर आलेले आणि उशिरा गेलेले. त्या रात्री कंपनीच्या यादीत नसतात, पण पाहुणा खरंच राहिलेला असतो. त्या तुम्ही वजा केल्या, तर क्रेडिट नोटवर कारण काय लिहिणार?

प्रवासी_पाखरू:
माझंही असंच झालं होतं! चेक-आउटनंतर माझ्या कार्डावरून मिनीबारचे पैसे कापले, मी काहीच घेतलं नव्हतं. फोन केला, आठवड्यात परत आले. तुम्हीही त्यांच्या कार्डावर परत टाकून द्या ना, प्रश्नच मिटला.

रात्रपाळी:
पाखरू, इथे अजून पैसे आलेलेच नाहीत, परत कुठून करणार? हे उधारीचं बिल आहे, एक कंपनी सगळ्यांचं भरते.

बिलं_पास_करणारी:
मी पलीकडच्या टेबलावर बसते, हॉटेलांची बिलं तपासून पुढे पाठवते. सेल्समधल्यांना सांगते, घाईची सूट आमच्या काहीच कामाची नसते. "सद्भावना म्हणून ३५ रात्री वजा" असं आलं, की आमचा ऑडिटर विचारतो, मग उरलेल्या रात्री बरोबर कशावरून? मला खोली, तारीख, पाहुण्याचं नाव, लावलेला दर, योग्य दर आणि फरक असा तक्ता लागतो. क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर हवाच. काही हॉटेलं जुनं बिल गुपचूप मागे घेऊन त्याच नंबराने नवं पाठवतात. मूळ बिल आमच्या सिस्टिममध्ये आधीच चढलेलं असतं, मग दुसरं अडकतं आणि पेमेंट आणखी लांबतं.

आणि रात्रपाळी, तुमच्या पहिल्या उत्तरात एक गोष्ट राहिली. ज्या रकमेवर वाद नाही ती आत्ता सोडा, अशी विनंती त्यातच करायची. आमच्याकडे तसं करता येतं, पण कोणी मागितल्याशिवाय आम्ही करत नाही.

क्रेडिट_डेस्क:
सगळ्यांचे आभार. पहिलं उत्तर त्याच दिवशी पाठवलं, आता ताळाही लागलाय. दोन खोल्यांमध्ये शेअर करणाऱ्या दोघांवरही भाडं पडत होतं, १२ रात्री, म्हणजे २४. एक पाहुणा सातव्या रात्रीनंतर दुसऱ्या खोलीत गेला आणि जुनी खोली उघडीच राहिली, त्या ५. या २९ आमच्या. उरलेल्या ६ म्हणजे सहा प्रशिक्षक एक रात्र आधी आले होते. आयोजकांचा तसा मेल आमच्याकडे आहे, तो त्यांच्या अकाउंट्सपर्यंत पोचला नव्हता.

पण दोन नवे पेच आहेत. त्या ६ रात्रींना सिस्टिमने ग्रुपचा दर न लावता त्या दिवसाचा चालू दर लावलाय, कारण ती तारीख ब्लॉकच्या बाहेर होती. दुसरं म्हणजे, तपासताना सापडलं की एका रात्रीच्या जेवणाला १५० ची गॅरंटी होती, वाढलं १६५ जणांना आणि बिल लावलं १५० चंच. बँक्वेट चेकवर आयोजकांची सही १६५ वर आहे.

सेल्समधला:
ती १५ पानं विसरा! तक्रारीच्या उत्तरात वाढीव बिल पाठवलंत तर बदला घेतल्यासारखं दिसेल. ६ रात्रींनाही ग्रुपचाच दर लावा.

रात्रपाळी:
६ रात्रींबद्दल सहमत. आयोजकांनी विचारलं तेव्हा वेगळा दर लागेल असं तुम्ही लेखी कळवलं नसेल, तर तो आत्ता मागणं बरं नाही. १५ पानांचं मात्र मला लपवणंच वाटतं. सही झालेला कागद आहे. आपल्या बाजूच्या चुका तेवढ्या दाखवायच्या आणि समोरच्याकडून राहिलेलं गिळायचं, मग तो ताळा कसला? तक्त्यात ओळ टाका, बँक्वेट चेकची प्रत जोडा. माफ करायचं असेल तर तसं लिहून करा.

बिलं_पास_करणारी:
माझं मत तिसरंच. आमची खर्चाची मंजुरी १५० पानांची असेल, तर वाढीव रकमेसाठी मला नवी मंजुरी घ्यावी लागेल आणि तोवर तुमचं अख्खं बिल पुन्हा थांबेल. २९ रात्रींची आणि दरफरकाची क्रेडिट नोट आधी पाठवा, ती रक्कम सुटू दे. १५ चं बिल वेगळं काढा, पण आयोजकांना आधी फोन करून. त्यांनी कोणाला न विचारता सही केली असेल, तर त्यांना ते मेलमध्ये सगळ्यांसमोर कळायला नको.

रात्रपाळी:
वेगळं बिल चालेल. पण क्रेडिट नोटच्या मेलमध्येच "एक बाब अजून तपासात आहे" एवढी ओळ हवी. हिशोब मिटला असं लिहून आठवड्याने दुसरं बिल पाठवलं, तर २९ चा तक्ता कितीही चोख असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

क्रेडिट_डेस्क:
क्रेडिट नोट आज निघतेय, मूळ बिलाच्या नंबरासकट, त्या ओळीसकट. १५ पानांचं आमच्या जीएमनी अजून ठरवलेलं नाही, ते सेल्सच्या बाजूला झुकलेत. आयोजकांना उद्या सकाळी मी स्वतः फोन करणार आहे.