प्रतिसाद : यूटीआर आणि ज्या खात्यातून रक्कम गेली ते नाव

"भाडे भरूनही घरमालक 'आले नाही' म्हणतात, मेसेजमध्ये काय लिहू?"

या प्रश्नावर आधी कोणीतरी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट द्यायला सुचवले आहे, पण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. एनईएफटीचा 16 अक्षरांचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, टंकून द्यावा, कारण तो दोन्ही बँकांच्या नोंदीत एकच असतो. आमच्या वादात रक्कम पत्नीच्या खात्यातून गेली होती आणि मालक पासबुकात माझे नाव शोधत होते, म्हणून मी लिहिले : "काका, जुलैचे भाडे 18,000 रुपये 5 जुलैला सौ.च्या खात्यातून एनईएफटीने पाठवले आहे. यूटीआर क्रमांक खाली दिला आहे. कृपया त्या तारखेची नोंद पाहून रक्कम मिळाल्याचे इथेच कळवावे." आदल्या दिवशीच्या बोलाचालीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला.