अनुभव धागा: फिल्टर नवे, तरी पाण्याला वास! प्युरिफायरची टाकी आणि नळ घरी कसे धुता?

कोथरूडकर
गेल्या रविवारी प्युरिफायरमधून पेला भरला आणि पाण्याला जुन्या माठाचा वास आला. लहानपणी आमची आजी माठ आतून काथ्याने घासत असे आणि बोटाला लागणारा बुळबुळीतपणा जाईपर्यंत त्यात पाणी भरू देत नसे, त्याची आठवण झाली. नळाच्या तोंडात करंगळी फिरवली, तर तोच बुळबुळीतपणा हाताला लागला. सगळे फिल्टर दोनच महिन्यांपूर्वी बदलले आहेत. आपण काय साफ करता आणि कशाला हात लावत नाही, ते कृपया लिहावे.

वाघोलीवासी
आमच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी दिवाळीपूर्वी माणसे लावून धुतात, तसे करून पाहावे.

कोथरूडकर
मी यंत्राच्या आतल्या आठ लिटरच्या टाकीबद्दल विचारत आहे.

पाना-पक्कड
मी बावीस वर्षे हीच यंत्रे दुरुस्त केली. फिल्टर नवे असूनही वास येतो, याचे कारण असे की कार्बन फिल्टर नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकतो, आणि त्यामुळे टाकीत साठलेल्या पाण्याला राखण करणारे काही उरत नाही. यूव्ही दिवा बहुतेक यंत्रांत टाकीच्या आधी असतो, त्यामुळे टाकीत नंतर जे वाढते त्याला तो काही करू शकत नाही. नळाच्या तोंडातून हवा आणि आपले हात आत पोचतात, म्हणून चिकट थर बहुधा तिथूनच सुरू होतो.

प्लग काढा, भिंतीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळातून टाकी रिकामी करा आणि झाकण उघडून मऊ स्पंजने आतून पुसा. तारेची घासणी वापरू नका, कारण तिच्या ओरखड्यांत थर पुन्हा लवकर धरतो. फ्लोट हलक्या हाताने पुसा; त्याची दांडी वाकली तर टाकी भरून वाहू लागते. मग टाकीत वरूनच आठ लिटर साधे पाणी भरून त्यात 5 टक्क्यांचे, सुगंध नसलेले ब्लीच 8 मिली घाला, पेलाभर पाणी नळातून सोडा म्हणजे नळही भिजेल, आणि अर्धा तास थांबा. त्यानंतर सगळे सोडून द्या, साध्या पाण्याने दोनदा विसळा, आणि यंत्राने भरलेली पहिली पूर्ण टाकी पिऊ नका. ब्लीचचा वास राहिला, तर आणखी एक टाकी सोडा.

सहकारनगर
मी ब्लीच बाहेरच्या फिल्टरच्या भांड्यातच घालून यंत्र चालू करते, म्हणजे आतपर्यंत सगळे एकदम स्वच्छ होते.

पाना-पक्कड
ताई, ब्लीचने जंतू मरतात हे आपले बरोबर आहे, पण त्या वाटेने ते मेम्ब्रेनपर्यंत जाऊ शकते. कार्बन फिल्टर थोडे क्लोरीन अडवतो, एवढे मात्र त्याला झेपेलच असे नाही, आणि क्लोरीनने मेम्ब्रेनचा पातळ थर कायमचा खराब होतो. तो खराब झाल्याची खूण म्हणजे शुद्ध पाण्याचा टीडीएस हळूहळू वर चढू लागतो. भांडे काढून बाहेर साबणाने धुवावे आणि नीट विसळून परत बसवावे.

सहकारनगर
गेल्या वर्षी माझा टीडीएस 40 वरून 110 झाला होता. तंत्रज्ञांनी मेम्ब्रेन बदलले, पण कारण सांगितले नाही. तेच असेल का?

पाना-पक्कड
असू शकेल. मेम्ब्रेन जुने झाले तरीही असेच होते, त्यामुळे आता खात्रीने सांगता येणार नाही.

वाघोलीवासी
भांड्याबद्दल मात्र माझाही अनुभव आहे. आमच्याकडे टँकरचे पाणी येते आणि पांढरी कँडल दीड महिन्यात मातकट होते. मी स्वतः भांडे उघडले, पण रबरी रिंग खाचेतून सरकलेली लक्षात आली नाही, आणि रात्रभर ठिबकून सकाळी ओटा व खालचे कपाट भिजले. आता रिंग साध्या पाण्याने ओली करून खाचेत बसवतो, भांडे हाताने घट्ट करतो, पान्याने अगदी थोडे फिरवतो आणि व्हॉल्व्ह सोडून दहा मिनिटे कोरडा कागद खाली धरून बसतो.

पाना-पक्कड
भांडे फार आवळले की त्याला चीर जाते, म्हणून हे योग्यच आहे. मेम्ब्रेनचे डबे, पंप, वीजपुरवठ्याचा डबा आणि यूव्ही दिवा मात्र उघडू नका. दिव्याची काच नाजूक असते आणि पेटलेला दिवा डोळ्यांना इजा करतो.

सहकारनगर
नळावर पांढरे क्षार धरतात, त्यासाठी व्हिनेगर चालेल ना?

पाना-पक्कड
चालेल, पण ब्लीचच्या दिवशी मुळीच नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. नळ आतल्या नटातून सोडवून व्हिनेगरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

कोथरूडकर
काल सांगितल्याप्रमाणे केले. टाकीच्या तळापेक्षा नळाच्या आतल्या बाजूला थर जास्त होता. आज वास नाही, पण नळाच्या मुळाशी एक थेंब जमतो आहे. तो वॉशर बाजारात सुटा मिळतो का, की अख्खा नळच बदलावा लागतो?